जानेवारीचा शेवटचा रविवार

आमच्या धाकट्या बंधूंचं लग्न पत्रिकेमुळे अडलं नाही, मानपानावरून अडलं नाही आणि मुलीला गाता येत नाही म्हणूनही अडलं नाही. ते अडलं कॅलेंडरमुळे. हे मी कुणाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग 'म्हणजे मुहूर्त मिळेना का?' असं विचारतो. मुहूर्त पैशाला पासरी होते. अडला होता तो वार. आणि तो सोडवण्याची जबाबदारी, घरातली सगळी निस्तरण्याची कामं जशी येतात तशी, माझ्या अंगावर आली.

गिरगावातल्या आमच्या वाडीत दोन चाळी. पुढची आणि मागची. मध्ये फरसबंद चौक, चौकाच्या मधोमध एक लोखंडी खांब. पुढच्या चाळीत आम्ही राहत होतो, म्हणजे मी, माझी बायको नलू आणि भाऊ जगदीश. मागच्या चाळीत, बरोबर आमच्या समोरच्या गॅलरीत, नाना केळशीकर आणि त्यांची मुलगी राधा. नाना एका इंग्रजी कंपनीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. राधा शाळेत शिकवत असे. आमचा जगदीश रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून चौकातल्या खांबाकडे टक लावून बघत असे. मला वाटायचं, पोराला देशाची काळजी आहे. नलूनं माझा गैरसमज दूर केला.

आता खांबाबद्दल. हा खांब तीस साली नानांनी स्वतः वर्गणी काढून उभा केलेला. पंधरा ऑगस्टला दोन्ही चाळी तिथे एकत्र झेंडा लावत. पण जानेवारी आला की वाडीचे दोन देश होत. पुढची चाळ सव्वीस तारखेला झेंडावंदन करी, जसं सगळा हिंदुस्थान करतो. मागची चाळ मात्र करी जानेवारीच्या शेवटच्या रविवारी. कारण नाना म्हणत, मूळ दिवस तोच.

यात नानांचं सगळंच चुकत होतं असं नाही, हीच तर पंचाईत होती. लाहोरला काँग्रेसनं संपूर्ण स्वराज्याचा ठराव केला, आणि मग देशभर एका दिवशी लोकांनी जमून प्रतिज्ञा घ्यायची असं ठरलं. त्यासाठी निवडला गेला तीस सालच्या जानेवारीतला शेवटचा रविवार. तो नेमका सव्वीस तारखेला पडला होता. नानांचं म्हणणं असं, की पुढाऱ्यांनी निवडला रविवार आणि लोकांनी धरून ठेवली तारीख. पाहुण्याला बोलावलं आणि त्याच्या छत्रीला पाटावर बसवलं, असं ते म्हणत. त्यामुळे गेली तीस वर्षं मागच्या चाळीत पंचवीस ते एकतीस यांतली कुठलीही तारीख चालत होती. फक्त रविवार हवा.

पुढच्या चाळीचे सेक्रेटरी आप्पा चुरी यांचं उत्तर ठरलेलं असे. घटना नोव्हेंबरातच तयार झाली होती. मग ती दोन महिने का थांबवून ठेवली? तर सव्वीस जानेवारी यावी म्हणून. सबंध देशाचा कायदा ज्या तारखेसाठी खोळंबला, ती तारीख केळशीकरांना छत्री वाटते काय? यावर नाना म्हणत, पंधरा ऑगस्ट तरी कुठे आपण निवडला? जपान शरण आला त्याचा वाढदिवस म्हणून साहेबानं तो दिला, ज्योतिष्यांना तो पसंत पडेना म्हणून मध्यरात्र गाठावी लागली. तारखा या अशा येतात. वार मात्र माणसं विचार करून निवडतात.

गंमत अशी की त्याच काळात दोन्ही चाळी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी खांद्याला खांदा लावून घोषणा देत होत्या. मोर्चात आप्पा आणि नाना एकाच फलकाचा एकेक बांबू धरून चालत. बोळातून वाडीत शिरले की फलक मधून गुंडाळायचा आणि आपापल्या चाळीत जायचं. द्वैभाषिक राज्य मोडा म्हणणाऱ्या आमच्या वाडीत द्विवारिक झेंडा सुखानं नांदत होता.

अठ्ठावन्न साली सव्वीस तारीख आपण होऊन रविवारी आली आणि कुणाला काही करावं लागलं नाही. दोन्ही चाळींनी एकत्र झेंडा लावला, जिलब्या झाल्या. जगदीश-राधाचं तेव्हाच उरकून टाकायला हवं होतं. पण तेव्हा आमचा जगदीश खरोखरच खांबाकडे बघत होता.

एकोणसाठ साली शेवटचा रविवार पंचवीसचा. नानांनी झेंडा लावला आणि तासाभरात चौकीवरून हवालदार आला. खासगी जागेवर राष्ट्रध्वज वाटेल त्या दिवशी लावता येत नाही, ठरलेले दिवस असतात, आज कसला दिवस आहे, असं त्यानं विचारलं. नानांनी त्याला लाहोरपासून सांगायला सुरुवात केली. हवालदार भला माणूस, त्यानं रावी नदीपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आजोबा, तुमचा दिवस एक रोज आधी आलाय. उद्या लावा, मी स्वतः सलाम ठोकीन."

स्वतः तीस साली लाठी खाल्लेल्या माणसाला आपल्या हातानं झेंडा उतरवावा लागला. चौकीवर कुणी कळवलं, हे कधीच सिद्ध झालं नाही. आप्पा चुरी त्या दिवशी दादरला बहिणीकडे गेले होते आणि तिथून परतल्यावर कुणी न विचारताच ते तसं सांगत होते.

आता माझं नशीब बघा. नेमक्या त्याच आठवड्यात जगदीशनं मला राधासाठी मागणी घालायला पाठवलं. मी पेढे घेऊन नानांच्या खोलीत गेलो. नानांनी पेढ्यांकडे पाहिलं आणि तुम्ही झेंडा कधी लावता, असं विचारलं. मी पुढच्या चाळीत जन्मलो यात माझा काय दोष, पण खोटं कसं बोलणार? म्हणालो, सव्वीसला.

"मग ऐक दिगू," नाना म्हणाले, "ज्या दिवशी या चौकात तारीखवाले आणि वारवाले एकाच दिवशी, एकाच दोरीनं झेंडा लावतील, त्या दिवशी त्याच खांबाखाली राधा देईन. तोवर पेढे फिरव."

मी पेढे परत आणले. जगदीशनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बोटं मोजली आणि पांढरा पडला. सव्वीस जानेवारी पुन्हा रविवारी येणार होती ती एकदम चौसष्ट साली. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागला की जणू लीप वर्षं मीच घातली आहेत. नलू म्हणाली, "अहो, इतक्या ओळखी सांगता. एक वार नाही हलवता येत?"

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वास्थ्य नाही. मी मूळचा एका जागी बसणारा माणूस. पण त्या वर्षभरात मी आमचा जिना आणि नानांचा जिना इतक्या वेळा चढलो-उतरलो की मागच्या चाळीतली मांजरं मला घरचा समजू लागली. माझा हेतू साधा होता. वाराचा दिवस आणि तारखेचा दिवस यांत काही शास्त्र आहे की नाही हे शोधायचं, आणि त्या शास्त्राच्या आधारानं एका बाजूला नमवायचं. कुठली बाजू नमेल याची मला पर्वा नव्हती.

पहिल्यांदा मी आमच्या कचेरीतल्या साहेबाला विचारलं. नोव्हेंबरात तो कोटाला लाल कागदी फूल लावून येई. त्यानं सांगितलं, त्यांच्याकडे पहिलं महायुद्ध थांबलं ती अकरा नोव्हेंबर तारीख पूर्वी कुठल्याही वारी पाळत. अकरा वाजले की सगळं जागच्या जागी थांबे. पण दुसऱ्या युद्धात दारूगोळ्याचे कारखाने मधल्या वारी थांबवणं परवडेना, तेव्हा तो दिवस जवळच्या रविवारी नेला. युद्ध संपलं तरी तो रविवारीच राहिला. आता नोव्हेंबरचा दुसरा रविवार. आणि राणीचा वाढदिवस? ती जन्मली एप्रिलात, सरकारी वाढदिवस जूनमध्ये, कारण एप्रिलात लंडनला पाऊस असतो आणि घोडेस्वार भिजतात. मला हे फार पटलं. ज्या लोकांना राणीचा जन्म हलवता येतो, त्यांनी आपल्यावर राज्य केलं यात नवल नाही.

ही बातमी मी धावत जाऊन नानांना दिली. चूक झाली. नाना म्हणाले, बघ, मोठी राष्ट्रं रविवारच धरतात. आप्पांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बघ, साहेबाची चाल आहे ही. दोघंही आधीपेक्षा घट्ट झाले.

मग मी आमच्या कचेरीतल्या रामदासला गाठलं. रामदास घोडपदेवला राहणारा, बोलायला कमी पण बोलला की नेमकं. तीन वर्षांपूर्वी तो घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला दीक्षेला गेला होता. मी त्याला विचारलं, तुमचा तो दिवस तुम्ही कसा धरता? तो म्हणाला, "चौदा ऑक्टोबर होता. दसरा होता. रविवारही होता. पण बाबासाहेबांनी निवडला तो दसरा, अशोकाची विजयादशमी म्हणून. म्हणून आमच्याकडे बरेच जण दसऱ्याला धरतात, काही चौदाला धरतात. रविवारला कुणीच धरत नाही. दिवस का निवडला ते बघायचं दिगंबर. नुसतं काय पडलं होतं ते बघून काय उपयोग?"

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. मला घाई होती. मला एवढंच दिसलं की तारीख आणि वार यांच्यात आता तिथीही घुसते आहे. मागच्या चाळीत शिवजयंती तिथीनं करणारी तीन बिऱ्हाडं होती. त्यांच्या कानावर हे गेलं असतं तर जगदीशचं लग्न दोन हजार सालावर गेलं असतं.

शेजारच्या वाडीतला मॅथ्यू माझा लहानपणचा दोस्त. त्याच्याकडे गेलो तर तो ख्रिसमसच्या कंदिलाला चिंधी लावत बसला होता. त्यांचं घराणं गिरगाव वसलं तेव्हापासूनचं, आणि चर्चच्या सगळ्या सणांची यादी त्याला तोंडपाठ. तो म्हणाला, "अरे, आमच्याकडे दोन्ही आहेत. नाताळ पंचवीसला, वार कुठला का असेना. ईस्टर मात्र रविवारीच. वसंतातली पुनव झाली की पुढचा रविवार. का, तर येशू उठला तोच मुळी रविवारी. तिथं वार हाच इतिहास आहे."

मग नानांचं खरं का, मी विचारलं. मॅथ्यूनं चिंधी खाली ठेवली. "तुझ्या नानाला विचार, तीस साली रविवार होता म्हणून काही झालं, की काही व्हावं म्हणून रविवार घेतला?"

तेही मी तेव्हा नीट ऐकलं नाही. माणसाला सल्ल्याची गरज असते तेव्हा तो सल्ला ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो, हा माझा अनुभव आहे.

शेवटचा प्रयत्न म्हणून फोर्टातल्या अमेरिकन वाचनालयात गेलो. तिथल्या बाईंनी मोठ्या हौसेनं पुस्तकं काढून दिली. त्या लोकांचा एक आभाराचा दिवस असतो, नोव्हेंबरातल्या गुरुवारी. एका वर्षी त्यांच्या अध्यक्षांनी दुकानदारांना नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून तो आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी मानला, निम्म्यांनी झिडकारला, आणि एवढ्या मोठ्या देशात दोन दोन आभार होऊ लागले. शेवटी कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला. हे वाचून मला इतका धीर आला की मी वाचनालयात मोठ्यानं हसलो आणि बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. म्हणजे आमची वाडी काही वेडी नव्हती. अमेरिकाही आमच्याच वाडीतली होती.

पण कायदा करणारा आमच्याकडे कोण? नलू म्हणाली, तुम्हीच. मी केला. साठ सालच्या जानेवारीत सव्वीस तारीख मंगळवारी आणि शेवटचा रविवार एकतीसला. मी तोड काढली की मंगळवारी झेंडा चढवायचा आणि रविवारपर्यंत ठेवायचा. आप्पांनी चढवावा, नानांनी उतरवावा. एकच झेंडा, एकच दोरी. मला ही कल्पना सुचली तेव्हा मी अंघोळीला होतो आणि तसाच बाहेर येणार होतो.

परवानगीला चौकीवर गेलो. हवालदार तोच. त्यानं मला बसायला बाक दिला आणि सांगितलं, की झेंडा सूर्यास्ताला उतरवायचा असतो, आणि तुमच्या वाडीत झेंड्याखेरीज काही घडतं का? माझा अपमान झाला. पण त्यानं चहा दिला म्हणून मी तो गिळला.

तरी मी हार मानली नाही. निदान दोरी तरी एक व्हावी म्हणून नानांच्या हातापाया पडलो. ही दोरी नानांच्या ट्रंकेत असे, पुढची चाळ आपली कपडे वाळत घालायची दोरी वापरी. नानांनी दोरी दिली, पण गाठ शिकवली नाही. मंगळवारी सकाळी दोन्ही चाळींतले लोक गॅलरीत जमले. आप्पांनी दोरी ओढली. झेंडा खांबाच्या मध्यापर्यंत चढला आणि तिथेच अडकला. वर जाईना, खाली येईना. मी जोर लावला तर हात सोलला.

अर्ध्यावरचा झेंडा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस गिरगावात नाही. रस्त्यानं जाणारे टोप्या काढू लागले. कोण गेलं, केव्हा, अशी विचारणा सुरू झाली. शेजारच्या वाडीतले दोन म्हातारे उपरणं घेऊन मर्तिकाच्या तयारीनंच आले. फुलवाल्यानं आपणहून एक हार आणून खांबाला घातला. मॅथ्यूनं लांबून छातीवर क्रूसाची खूण केली. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी आमच्या वाडीत प्रजासत्ताकाचंच सांत्वन चाललं होतं. नाना आपल्या गॅलरीत उभे होते. ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. राधा मात्र पदर तोंडावर धरून आत पळाली आणि जगदीश खिन्नपणे तिच्या दाराकडे बघत राहिला.

त्या दिवसापासून पुढच्या चाळीत मला कुणी 'दिगंबरराव' म्हणेना. सगळे 'अर्धा झेंडा' म्हणू लागले. मी नलूला सांगून टाकलं, चौसष्ट साल काही फार लांब नाही. चार वर्षं. माणसं यापेक्षा जास्त दिवस घर मिळायला थांबतात. नलूनं फक्त राधाकडून आलेली वाटी मला दाखवली. राधानं जगदीशच्या आवडीचा मोरांबा पाठवला होता आणि निरोप होता की आता याच्यापुढे पाठवायचा नाही. तिच्यासाठी परळच्या एका स्थळाचं बोलणं चालू झालं होतं.

जगदीशनं वाटी उघडली नाही. रात्री जेवला नाही. तेव्हा माझ्या डोक्यातली गंमत उतरली. दोन म्हाताऱ्यांच्या कॅलेंडरापायी दोन तरुण माणसं वाळत होती आणि मी मध्ये अमेरिका-इंग्लंड करत फिरत होतो.

एप्रिल उजाडला तेव्हा महाराष्ट्राचं नक्की झालं होतं. एक मे. वाडीत पेढे, फटाके, नुसता धुमाकूळ. आमच्या कचेरीतल्या लोकांचा आनंद मात्र दुपारी जेवणाच्या सुट्टीत जरा ओसरला. कुणीतरी कॅलेंडर बघितलं होतं. इतकी वर्षं झगडून मिळालेलं राज्य नेमकं रविवारी येत होतं, म्हणजे सुट्टी बुडाली. एकजण म्हणाला, अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरच्या सोमवारी असतो, तिथे सुट्टी बुडायचा प्रश्नच नाही. आपणच शिकागोची एक मे धरून बसलो. रामदास म्हणाला, शिकागोत संप झाला तो एक मेला, म्हणून जग एक मे धरतं. शिकागोवाल्यांनाच तो नको झाला, म्हणून त्यांनी सोमवार धरला.

मी डबा तसाच ठेवून उभा राहिलो. एक मे. रविवार. तारीख आणि वार.

कचेरीतून मी कसा निघालो ते मला आठवत नाही. साहेबाला काय सांगितलं तेही नाही. नानांच्या जिन्यावर एक मांजर तुडवलं एवढं आठवतं. नाना आरामखुर्चीत होते, राधा भाजी निवडत होती. मी धापा टाकत म्हणालो, नाना, एक मेला झेंडा लावायचा. तारीखवाल्यांना तारीख आणि तुम्हाला रविवार. तुमचा शब्द आहे.

नानांनी मला अपेक्षित होतं तेच केलं. म्हणाले, हा रविवार निवडलेला नाही. नुसता पडलेला आहे. पडलेला रविवार मी धरत नाही.

मला संताप आला. वर्षभराचे जिने माझ्या पायांतून डोक्यात चढले. आणि त्या संतापात, रामदास काय म्हणाला होता आणि मॅथ्यू काय म्हणाला होता, ते पहिल्यांदा माझं मला समजलं.

"नाना, वार निवडतात तो काही घडायच्या आधी," मी म्हणालो. "लोक मोकळे असावेत, जमावेत म्हणून. तीस साली काही घडलं नव्हतं, म्हणून रविवार घेतला. पण एकदा लोकांनी प्रतिज्ञा घेतली की घडलं. मग दिवस त्या तारखेचा झाला. रविवार पुन्हा येतो नाना. ती सव्वीस तारीख पुन्हा येत नाही, म्हणून तर ती धरून ठेवायची. तुम्ही तर त्या दिवशी इथं होतात. प्रतिज्ञा तुम्ही वाचलीत. मग तुम्हीच ती तारीख का सोडलीत?"

राधाच्या हातातली भाजी थांबली. नाना माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून खांब दिसत होता तिकडे बघत होते. मला वाटलं, आता हा म्हातारा मला जिन्यावरून ढकलणार.

"एकतीस साली सव्वीस तारीख सोमवारी आली," नाना म्हणाले. "मला कचेरी होती. शनिवारी रजा मागायला साहेबाच्या दारापर्यंत गेलो. आत गेलो नाही. मग आदल्या दिवशी रविवारीच झेंडा लावून टाकला. लोकांनी विचारलं, आज का? मी म्हटलं, मूळ दिवस रविवारच. सगळ्यांना पटलं. पुढच्या वर्षी परत सांगितलं. मग मलाही पटलं."

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. मी आणि राधा एकमेकांकडे बघत बसलो. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं, कारण मी भांडायला आलो होतो. आत ट्रंकेचं झाकण वाजलं. नाना बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोरी होती.

"ये इकडे, अर्धा झेंडा," ते म्हणाले. "गाठ शिकून घे."

एक मे रोजी सकाळी आमच्या चौकात दोरीच्या एका टोकाला आप्पा चुरी आणि दुसऱ्याला नाना होते. झेंडा थेट टोकापर्यंत गेला. हवालदार आला, त्यानं सलाम ठोकला आणि लग्नाला थांबला. खांबाखाली जगदीश-राधाचं लग्न लागलं. मॅथ्यूनं बायकोच्या हातचा केक आणला, रामदास घरच्यांना घेऊन आला, आणि फुलवाल्यानं खांबाला पुन्हा हार घातला, या वेळी योग्य कारणासाठी.

मला वाटलं, संपलं. संसारी माणसाला असं वाटतं हीच त्याची चूक. वर्ष सरत आलं तशी नलूला शंका आली. लग्नाचा पहिला वाढदिवस केव्हा करायचा? एकसष्ट साली एक मे सोमवारी. तीस वर्षांची सवय एका दुपारी सुटते थोडीच, नाना मेचा पहिला रविवार म्हणतील, म्हणून तिनं आपलं सात तारखेचं श्रीखंड ठरवलं. मलाही ते सोयीचं होतं, कारण एक मे आमच्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत नव्हती. बँका बंद, सरकारी कचेऱ्या बंद, पण आमच्या साहेबाला महाराष्ट्र अजून कळायचा होता. रजेचा अर्ज करावा असं मनात आलं होतं. साहेबाच्या दारापर्यंत गेलोही होतो.

सोमवारी सकाळी मी बूट घालून, डबा घेऊन जिना उतरलो. चौकात खांबापाशी नाना उभे होते. स्वच्छ धोतर, कोट, हातात दोरी. गॅलरीत जगदीश आणि राधा. बाकी वाडी अजून दात घासत होती.

"आज सोमवार आहे नाना," मी म्हणालो. "मला कचेरी आहे."

"सोमवार आहे म्हणूनच," नाना म्हणाले. "एकतीस साली मी तुझ्यासारखाच डबा घेऊन इथनं गेलो होतो."

आणि दोरीचं एक टोक त्यांनी माझ्यापुढे धरलं. बोळाच्या तोंडाशी ट्रामची घंटा वाजली. ती माझी ट्राम होती. मी तिच्याकडे पाहिलं, नानांच्या हाताकडे पाहिलं.

मी डबा खाली फरशीवर ठेवला आणि दोरी धरली.